कीबोर्डने शिकलेले शब्द, क्लिपबोर्ड आणि सजेशन कसे पुसायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात आणि ओळखीपाळखीत फोन बिघडला की तो माझ्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत बिघडलेल्या फोनांपेक्षा जास्त तक्रारी कीबोर्डच्या आहेत: "हा शब्द जातच नाही", "मी कधी टाइप न केलेलं नाव वर येतं", "जुना पत्ता सारखा सुचवतो". तेच ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक उत्तरं गुगलच्या जीबोर्डला धरून आहेत. सॅमसंग आणि आयफोनचं शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे. मेनूची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतात तशीच ठेवली आहेत. आवृत्तीप्रमाणे एखादं नाव किंवा त्याची जागा थोडी इकडेतिकडे सापडेल.

नको असलेला शब्द कीबोर्डवर येतो तरी कुठून?

हा प्रश्न आधी सुटला पाहिजे, कारण शब्द एका ठिकाणी साठवलेला असतो आणि लोक पुसत बसतात दुसऱ्याच ठिकाणी. कीबोर्डच्या वरच्या पट्टीत दिसणारा मजकूर पाच वेगवेगळ्या कप्प्यांतून येऊ शकतो.

पहिला कप्पा म्हणजे तुमच्या टायपिंगवरून कीबोर्डने आपोआप शिकलेले शब्द. दुसरा म्हणजे तुम्ही किंवा आधीच्या कोणीतरी मुद्दाम भरलेला वैयक्तिक शब्दकोश. तिसरा क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेला मजकूर. चौथा फोनमधली संपर्कयादी. पाचवा कप्पा कीबोर्डचा नाहीच: ब्राउझरने किंवा पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेने लक्षात ठेवलेले फॉर्ममधले तपशील. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, हे तपशील थेट कीबोर्डच्या पट्टीत दाखवायची सोय आली आणि गोंधळ वाढला. दिसायला सगळं एकाच पट्टीत दिसतं, पण प्रत्येकाची चावी वेगळी आहे. एक कप्पा रिकामा केल्याने दुसरा रिकामा होत नाही.

मग कुठला कप्पा आहे ते ओळखायचं कसं?

नोट्सचं कुठलंही साधं अ‍ॅप उघडा, कोरी नोट घ्या आणि त्या शब्दाची पहिली दोनतीन अक्षरं टाइप करा. तिथेही तो शब्द वर आला, तर तो कीबोर्डकडे आहे. तिथे आला नाही आणि फक्त एखाद्या वेबसाइटच्या फॉर्ममध्येच येत असेल, तर कीबोर्डला दोष देऊ नका. तो ब्राउझरचा आहे.

काहीही टाइप न करता पट्टीत आयता तुकडा येऊन बसला असेल, तर तो बहुतेक क्लिपबोर्डचा. तुम्ही नुकतं काहीतरी कॉपी केलेलं असणार. "ghr" अशी तीन अक्षरं टाकली आणि घराचा अख्खा पत्ता सुचवला, तर तो वैयक्तिक शब्दकोशातला शॉर्टकट. आणि ज्या माणसाला तुम्ही चार वर्षांत मेसेज केला नाही त्याचं पूर्ण नाव आडनावासकट आलं, तर संपर्कयादी.

एकच शब्द काढायचा आहे, बाकीचं सगळं ठेवायचंय. कसं?

जीबोर्डमध्ये तो शब्द पट्टीत येईपर्यंत टाइप करा. पट्टीतल्या त्या शब्दावर बोट दाबून धरा. कचऱ्याच्या डब्याचं चित्र येईल. बोट न उचलता शब्द ओढत त्या डब्यावर न्या आणि मग सोडा.

लोक चुकतात ते बोट उचलण्यात. दाबून धरलं, डबा दिसला, "हां, आता याच्यावर टॅप करू" म्हणून बोट उचललं की डबा नाहीसा होतो. हे एकाच दमात करायचं काम आहे. वयस्कर माणसांना फोनवरून समजावताना मी "शब्दाला चिमटीत धरून डब्यात नेऊन टाका" असं सांगतो, तेव्हा जमतं.

शब्द पट्टीत येतच नसेल, तर एकेक अक्षर कमीजास्त करून पाहा. पूर्ण शब्द टाइप करून झाल्यावर तो पट्टीत वेगळा दिसत नाही, म्हणून एक अक्षर आधी थांबलेलं बरं.

डब्यात टाकला, तरी दोन दिवसांनी परत आला!

कारणं थोडीच आहेत, पण एकेक तपासावं लागतं.

सगळ्यात साधं कारण म्हणजे तुम्हीच तो पुन्हा टाइप केलात. कीबोर्डला "ही चूक आहे" असं कळत नाही, त्याला फक्त "हे वापरलं जातं" एवढंच कळतं. चुकीचा शब्द टाइप करून तसाच पाठवला की शिकवणी पुन्हा सुरू.

दुसरं म्हणजे तो शब्द वैयक्तिक शब्दकोशातही आहे. डबा तिथवर पोचत नाही.

तिसरं कारण भाषांचं. आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर निदान दोन भाषा असतात, आणि मराठी रोमन लिपीत लिहिणारे तर विचारूच नका. "aahe", "ahe" आणि "aahey" हे तिन्ही शब्द इंग्रजी कीबोर्डच्या खात्यात जमा झालेले असतात, कारण ते लिहिताना कीबोर्ड इंग्रजीवर होता. देवनागरीवर जाऊन ते शोधलेत तर सापडणार नाहीत. ज्या भाषेच्या कीबोर्डवर शब्द दिसतो, त्याच कीबोर्डवर उभं राहून तो काढायचा.

चौथं कारण खास आपलं आहे, त्याला पुढचा प्रश्न दिला आहे.

पट्टीत एकच शब्द दोनदा दिसतो, अगदी सारखाच. असं का?

डोळ्यांना सारखे दिसतात, फोनला नाही. देवनागरीतले काही शब्द दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिता येतात. "आहे" हा शब्द घ्या. त्यातलं "आ" हे एक अखंड अक्षर आहे. पण कोणी आधी "अ" टाकून त्याला काना जोडला, तरी बहुतेक फाँटमध्ये चित्र जवळपास तेच उमटतं. आतून मात्र हे असं असतं:

```
आ      U+0906
अ + ा   U+0905 U+093E
```

कीबोर्डच्या लेखी हे दोन निरनिराळे शब्द, म्हणून तो दोन्ही शिकतो आणि दोन्ही सुचवतो. "दुसऱ्या", "साऱ्या" अशा शब्दांतल्या ऱ्याची तीच कथा: एका पद्धतीत खाली टिंब असलेला "ऱ" आणि हलन्त वापरतात, दुसरीत साधा "र", हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह.

नुसतं दिसण्याचा प्रश्न असता तर सोडून दिलं असतं. पण चुकीच्या पद्धतीने लिहिलेला शब्द शोधात सापडत नाही. कोणी स्वतःच्याच नोट्समध्ये "आहे" शोधतो आणि निम्म्या नोटा येतच नाहीत, ते यामुळे.

ओळखायची युक्ती सोपी आहे. दोन्हींपैकी एक सजेशन नोटमध्ये घ्या, शब्दाच्या सुरुवातीच्या "आ"नंतर कर्सर ठेवा आणि खोडायचं बटण एकदाच दाबा. अक्षर पूर्ण गेलं तर शब्द बरोबर. फक्त काना जाऊन "अ" मागे राहिला तर तो जोडलेला, चुकीचा. "दुसऱ्या"च्या बाबतीत शेवटापासून एकेक खोडत या. शेवटी खाली टिंब असलेला "ऱ" उरला तर पहिली पद्धत. साधा "र" उरला तर दुसरी.

पट्टीत मात्र कुठला कोणता हे कळायला मार्ग नाही. म्हणून मी दोन्ही डब्यात टाकतो आणि बरोबर शब्द एकदा शांतपणे टाइप करून कीबोर्डला नव्याने शिकवतो.

सगळं शिकलेलं एकदम पुसायचं असेल तर?

कीबोर्ड उघडा आणि वरच्या पट्टीतलं दातेरी चाक दाबा. ते दिसत नसेल तर स्वल्पविरामाचं बटण दाबून धरा, तिथे ते सापडतं. आत Privacy आणि त्यात Delete learned words and data. जुन्या आवृत्त्यांमध्ये हेच Advanced या नावाखाली होतं. दाबल्यावर फोन एक आकडा दाखवतो आणि तोच आकडा खालच्या चौकटीत टाइप करायला सांगतो. चुकून बोट लागून सगळं जाऊ नये म्हणून ही तजवीज. आकडा टाकला की काम झालं, पण मग "परत आण" नावाचं बटण नाही.

पुढचे काही दिवस कीबोर्ड अनोळखी वाटतो, हे आधीच सांगून ठेवतो. तुमच्या गावाचं नाव, मुलांची लाडकी नावं, ऑफिसातले संक्षेप, सगळं त्याला पुन्हा शिकवावं लागतं. रोज मराठीत भरपूर लिहिणाऱ्याला हे चांगलंच जाणवतं. म्हणून चारपाच शब्दांची अडचण असेल तर मी डब्याचाच मार्ग सुचवतो. सगळं पुसायचं ते फोन दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर, किंवा फोन दुसऱ्याकडून तुमच्याकडे आला असेल तर.

हे केल्यावर काय काय पुसलं जात नाही?

वैयक्तिक शब्दकोश, क्लिपबोर्डमध्ये पिन करून ठेवलेले तुकडे, संपर्कयादीतून येणारी नावं आणि ब्राउझरची आठवण. म्हणजे पाचांतला एकच कप्पा रिकामा होतो. "सगळं डिलीट केलं तरी येतंय" म्हणणारे बहुतेक जण इथेच अडकलेले असतात.

वैयक्तिक शब्दकोश कुठे असतो?

जीबोर्डच्या सेटिंगमध्ये Dictionary आणि त्यात Personal dictionary. पुढे भाषांची यादी येते, आणि All languages असाही एक पर्याय दिसतो. प्रत्येकात डोकावा. शब्दावर टॅप केलं की तो उघडतो आणि वर कचऱ्याचा डबा दिसतो. तिथे प्रत्येक शब्द वेगळा काढावा लागतो, पण यादी क्वचितच मोठी असते.

यात आपण काही भरलेलं नाही अशी अनेकांची खात्री असते. बघितलं की निघतं: चुकीचं स्पेलिंग लाल रेघेने अधोरेखित झालं तेव्हा कंटाळून कधीतरी शब्दकोशात टाकायचा पर्याय दाबलेला असतो.

चुकीचा ई-मेल सारखा सुचवला जातो. डब्यात टाकूनही फॉर्ममध्ये येतोच.

हा प्रकार मी माझ्या मावसबहिणीच्या फोनवर अथपासून इतिपर्यंत सोडवला, तोच क्रमाने सांगतो.

मुलाच्या प्रवेशाचा फॉर्म भरताना तिने घाईत पत्त्याचा शेवट gmail.com ऐवजी gmial.com असा टाइप केला. फॉर्म गेला, पुष्टीचा मेल अर्थातच आला नाही. तिने दुरुस्ती केली, पण त्यानंतर कुठेही ई-मेलची पहिली चार अक्षरं टाकली की चुकीचा पत्ता आधी यायचा आणि बरोबरचा नंतर. दोघांत फरक फक्त a आणि i च्या अदलाबदलीचा. घाईत कोण बघतंय!

पहिली चाचणी नोट्समध्ये घेतली. चार अक्षरं टाकली, चुकीचा पत्ता पट्टीत आला. म्हणजे कीबोर्डने तो शिकलेला आहे. दाबून धरला, ओढून डब्यात टाकला. पुन्हा चार अक्षरं टाकली, आता बरोबरचाच आला. इथे ती खूश होऊन फोन परत घेणार होती.

मी क्रोममध्ये तोच फॉर्म उघडायला लावला. ई-मेलच्या चौकटीत टॅप करताच, एकही अक्षर टाइप न करता, gmial पुन्हा हजर. नोट्समध्ये नाही आणि इथे आहे, म्हणजे हा क्रोमने फॉर्म भरताना साठवलेला. क्रोमच्या अशा सजेशनवर बोट दाबून धरलं की ते काढून टाकायचं का असं विचारलं जातं. तिथे होय म्हटलं.

तरी मन भरेना, म्हणून क्रोमच्या सेटिंगमध्ये साठवलेल्या पत्त्यांची यादी उघडली. तिच्या घरच्या पत्त्याच्या नोंदीत ई-मेलच्या जागी तोच gmial बसलेला होता, फॉर्म सबमिट करताना "पत्ता सेव्ह करू का" या प्रश्नाला तिने होकार दिला होता. ती नोंद काढली नाही, फक्त ई-मेल दुरुस्त केला, कारण बाकी पत्ता बरोबर होता. एका चुकीच्या अक्षराने तीन ठिकाणी घर केलं होतं. हे सगळं करायला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्याआधी दोन महिने ती चुकीचा पत्ता हाताने खोडत होती.

फॉर्ममधल्या अशा नोंदी खूपच साचल्या असतील तर क्रोमच्या Delete browsing data मध्ये Autofill form data हा वेगळा पर्याय आहे. तो निवडताना शेजारी पासवर्डच्या चौकटीत खूण नाही ना, ते दोनदा पाहा.

कॉपी केलेलं किती वेळ राहतं?

जीबोर्डचा क्लिपबोर्ड चालू असेल तर कॉपी केलेला तुकडा एक तास राहतो आणि मग आपोआप जातो. अपवाद पिन केलेल्यांचा. ते तुम्ही काढेपर्यंत तसेच राहतात, वर्षानुवर्षं.

खरी अडगळ तिथेच असते. आपल्याकडे बँकेचा खाते क्रमांक आणि आयएफएससी, आधारचा क्रमांक, पॅन, घराचा पत्ता हे सगळं "सारखं लागतं" म्हणून लोक पिन करून ठेवतात. फोन घरातल्या कोणाच्याही हातात दिला की क्लिपबोर्डच्या चिन्हावर एक टॅप, आणि सगळं समोर. सोय आहे हे मला मान्य, मीही पत्ता पिन केलेला आहे. आधार मात्र नाही.

काढायचं असेल तर कीबोर्डच्या पट्टीतून क्लिपबोर्ड उघडा, तुकड्यावर बोट दाबून धरा, Delete निवडा. बरेच असतील तर वरच्या पेन्सिलच्या चिन्हाने एकदम निवडता येतात.

क्लिपबोर्ड बंदच केला तर?

कीबोर्ड इतिहास ठेवणं थांबवतो. कॉपी-पेस्ट मात्र चालूच राहतं, कारण शेवटची कॉपी केलेली गोष्ट अँड्रॉइड स्वतः सांभाळतं. तो कीबोर्डचा भाग नाही. अँड्रॉइड १३ पासून ही शेवटची गोष्टही काही वेळाने आपोआप पुसली जाते. त्याआधीच्या फोनवर ती बराच काळ पडून राहू शकते. तिथे साधा तोडगा असा: नको ते कॉपी झालं असेल तर लगेच दुसरा एखादा निरुपद्रवी शब्द कॉपी करा, जुन्याच्या जागी तो बसतो. पण कीबोर्डचा इतिहास चालू असेल तर जुना तुकडा त्या यादीत उरतो, तो वेगळा काढावा लागतो.

क्लिपबोर्डच्या सेटिंगमध्ये स्क्रीनशॉट ठेवण्याचंही एक बटण आहे. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट सगळ्यांनाच पाठवणाऱ्यांनी ते बंद ठेवलेलं बरं.

कीबोर्ड माझे पासवर्ड शिकतो का?

पासवर्डच्या चौकटीत, म्हणजे जिथे ठिपके उमटतात तिथे, टाइप केलेलं कीबोर्ड शिकत नाही. अडचण दुसरीकडून येते. पासवर्ड चुकून युजरनेमच्या चौकटीत टाइप झाला, व्हॉट्सअ‍ॅपवर मुलीला पाठवला, नोट्समध्ये लिहून ठेवला, तर कीबोर्डच्या दृष्टीने तो साधा मजकूर आहे आणि तो शिकू शकतो. तसं झालंय का ते पाहायला नोट्समध्ये पासवर्डची पहिली तीन अक्षरं टाका. पट्टीत उरलेला पासवर्ड आला, तर डब्यात टाका आणि जमलं तर पासवर्डही बदला. कारण कीबोर्डमधून तो गेला तरी व्हॉट्सअ‍ॅपच्या त्या मेसेजमध्ये आहेच.

कॉपी केलेल्या पासवर्डचं तसं नाही. पासवर्ड मॅनेजरमधून कॉपी केला तर अँड्रॉइड १३ पासून अ‍ॅपला "हे गुप्त आहे" अशी खूण लावता येते, आणि मग कॉपी झाल्यावर खाली दिसणाऱ्या चौकटीत मजकूर झाकला जातो. खूण लावायची की नाही हे त्या अ‍ॅपवर असतं. नोट्समधून हाताने कॉपी केलेल्या पासवर्डला ती कोण लावणार?

मी कधी न लिहिलेली नावं सुचवतो.

संपर्कयादी. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये Text correction आणि त्यात Suggest contacts बंद करा. फोनच्या सेटिंगमधून जीबोर्डची Contacts ही परवानगी काढली तरी चालतं.

शिकणंच बंद करता येतं का?

येतं. Privacy मध्येच Personalization नावाचं बटण आहे, ते बंद करा. आधीचं शिकलेलं त्याने जाईलच असं धरून चालू नका, ते वर सांगितल्याप्रमाणे वेगळं पुसा. माझा स्वतःचा कल मात्र शिकणं चालू ठेवण्याकडे आहे, कारण मराठीत जीबोर्डची मुळातली शब्दसंपत्ती आपल्या बोलीला पुरत नाही. वऱ्हाडी किंवा मालवणी लिहिणाऱ्याला तर न शिकणारा कीबोर्ड म्हणजे शत्रूच.

मधला मार्ग म्हणजे ठरावीक ठिकाणी न शिकणं. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, अ‍ॅपला कीबोर्डला सांगता येतं की इथलं काही शिकू नकोस. क्रोमचा इन्कॉग्निटो टॅब उघडला की जीबोर्डवर टोपी आणि चष्म्याचं चिन्ह दिसतं, ते याचंच. सिग्नल अ‍ॅपच्या Privacy सेटिंगमध्ये Incognito keyboard असं बटणच दिलं आहे. एक मर्यादा आहे: ही अ‍ॅपने केलेली विनंती असते. जीबोर्ड ती पाळतो. कुठूनतरी उतरवून घेतलेला, भडक थीमवाला कीबोर्ड पाळेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. तसले कीबोर्ड मी साफ करत नाही, काढूनच टाकतो.

सॅमसंगचा कीबोर्ड आहे. तिथे?

फोनच्या Settings मध्ये General management, त्यात Samsung Keyboard settings, अगदी खाली Reset to default settings. तिथे दोन पर्याय शेजारीशेजारी आहेत. Erase personalized predictions ने शिकलेले शब्द जातात. Reset keyboard settings ने कीबोर्डची मांडणी मूळ पदावर येते. लोक दुसरं दाबतात, मराठी कीबोर्डची रचना पुन्हा लावत बसतात, आणि नको असलेला शब्द तिथेच.

क्लिपबोर्डच्या बाबतीत सॅमसंगवर तासाभराच्या नियमाच्या भरवशावर राहू नका, तो नियम जीबोर्डचा आहे. कीबोर्डच्या पट्टीतून क्लिपबोर्ड उघडून खाली सरकवत जा. कधीकधी काही आठवड्यांपूर्वीचे तुकडे सापडतात. कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबून सगळे निवडा आणि काढा.

आणि आयफोन?

Settings, General, Transfer or Reset iPhone, मग Reset, आणि त्यात Reset Keyboard Dictionary. फोनचा पासकोड मागितला जातो. फोनमधलं दुसरं काही पुसलं जात नाही, पण त्याच यादीतल्या शेजारच्या ओळी बऱ्याच घातक आहेत, तेव्हा चष्मा लावून दाबा.

आयफोनवर एकच शिकलेला शब्द वेगळा काढायची सोय नाही, सगळं किंवा काहीच नाही. एखादा शब्द सारखा चुकीचा दुरुस्त होत असेल तर Keyboard सेटिंगमधल्या Text Replacement मध्ये तो बरोबर शब्द नोंदवून ठेवता येतो, म्हणजे फोन त्याच्या वाटेला जात नाही. ही यादी रीसेटने जात नाही, ती हाताने साफ करायची. नेहमीच्या आयफोन कीबोर्डवर कॉपीचा इतिहास दिसत नाही. नवं काही कॉपी केलं की जुनं गेलं.

अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन Clear storage केलं तर सोपं नाही का?

सोपं आहे, पण त्याने घर झाडण्याऐवजी घर रिकामं होतं. शिकलेले शब्द जातात, पिन केलेले तुकडे जातात, आणि त्यांच्यासोबत लावलेल्या भाषा, मांडणी, थीम, कंपनाची आणि आवाजाची सेटिंगही जातात. कीबोर्ड इंग्रजीवर येऊन उभा राहतो आणि मराठी पुन्हा लावावी लागते. आजीच्या फोनवर हे करून निघून येऊ नका, संध्याकाळी फोन येतोच.

शेजारचं Clear cache मात्र निरुपद्रवी आहे, आणि आपल्या कामाला निरुपयोगीही. त्याने शिकलेला एकही शब्द जात नाही.

फोन दुरुस्तीला द्यायचा आहे. निदान काय करून द्यावं?

वेळ कमी असेल तर आधी क्लिपबोर्ड उघडा आणि पिन केलेले तुकडे काढा, कारण दुसऱ्याला ते बघायला एक टॅप पुरतो. शिकलेले शब्द वाचायची यादी कुठेच नसते, ते अक्षरं टाकल्याशिवाय वर येत नाहीत, म्हणून त्यांचा क्रमांक नंतर. वैयक्तिक शब्दकोशातले पत्ते आणि नंबर मात्र यादीत उघडे दिसतात, तेही काढा. पिन केलेलं पुन्हा लागणार असेल तर आधी एका कागदावर उतरवून घ्या. स्वतःला मेल करण्यासाठी कॉपी केलंत, तर ते पुन्हा क्लिपबोर्डमध्ये येऊन बसेल.